फोटोतले सर्किट, सोळा घरांचा नकाशा आणि गळून गेलेला A

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला असलेल्या माझ्या पुतणीने एका संध्याकाळी जर्नलच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. पानावर पेन्सिलने काढलेले एक लॉजिक सर्किट होते. डावीकडे A, B, C, D अशी चार इनपुटे होती आणि त्यांना उलटवणारे चार इन्व्हर्टर होते. मधोमध तीन-तीन इनपुटांची पाच अँड गेट्स एकाखाली एक मांडलेली होती, आणि उजवीकडे त्या पाचांचे आउटपुट एकत्र करणारे एक ऑर गेट होते. त्यातून F हे आउटपुट बाहेर पडत होते. या सर्किटचे समीकरण लिहायचे, ते के-मॅप नावाच्या नकाशाने सोपे करायचे आणि कमी गेट्सचे सर्किट पुन्हा काढायचे, असा प्रश्न होता. हे काम पहिल्या रेषेपासून शेवटच्या आयसीपर्यंत कसे होते, ते याच सर्किटवर सांगतो.

आधी लागतील तेवढ्याच गोष्टी सांगतो. अँड गेटची सगळी इनपुटे 1 असतील तरच त्याचे आउटपुट 1 होते. ऑर गेटला एक जरी इनपुट 1 मिळाले तरी आउटपुट 1 होते, आणि इन्व्हर्टर 0 चा 1 व 1 चा 0 करतो. समीकरणात अँड म्हणजे अक्षरे शेजारी शेजारी लिहिणे आणि ऑर म्हणजे अधिक चिन्ह. वहीत उलटलेल्या अक्षरावर आडवी रेघ देतात. येथे तिच्याऐवजी B' असे लिहिले आहे आणि ते ‘बी बार’ असे वाचावे.

समीकरण लिहिण्यापूर्वी फोटो वाचणे हे स्वतंत्र काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. अँडची मागची बाजू सरळ असते आणि ऑरची आत वळलेली असते. फोटो किंचित तिरका असला किंवा पानाची घडी त्याच जागी आली, तर हा फरक पुसट होतो. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे टिंब असेल तर त्या जोडलेल्या असतात, टिंब नसेल तर एक दुसरीला केवळ ओलांडून जाते. पेन्सिलीचे टिंब आणि कागदावरचा डाग फोटोत सारखेच दिसतात. म्हणून मी उजवीकडून सुरुवात करतो. एका गेटची एक पिन घ्यायची, तिची तार बोटाने मागे मागे नेत उगमापर्यंत पोहोचायचे आणि त्या पिनेशेजारी उगमाचे नाव लिहायचे. अशा पंधरा पिना झाल्या की पाच अँड गेट्स पूर्ण होतात.

पुतणीने हे आधीच केले होते आणि तिचे उत्तर असे होते:

```
F = B'C'D' + A'CD' + AB'D' + AB'C + BCD
```

मला चौथ्या पदाची शंका आली. फोटोत B आणि B' यांच्या उभ्या रेषा अगदी लगत होत्या आणि चौथ्या गेटजवळ हाताची सावली पडली होती. अशा वेळी डोळे ताणून पाहण्यापेक्षा मोजणी जास्त उपयोगी पडते. तिच्या समीकरणात B' तीनदा येतो आणि B एकदाच येतो. म्हणजे B' च्या उभ्या रेषेवरून गेट्सकडे जाणारे तीन फाटे हवेत आणि B च्या रेषेवरून एक हवा. या आकृतीत उभ्या रेषा पानाच्या तळापर्यंत ओढलेल्या असल्यामुळे प्रत्येक फाट्यावर टिंब होते. फोटो मोठा करून मोजले, तर B' वर दोन आणि B वर दोन टिंबे निघाली. याचा अर्थ चौथ्या गेटची मधली पिन B' ची नसून B ची होती. बरोबर समीकरण असे आहे:

```
F = B'C'D' + A'CD' + AB'D' + ABC + BCD
```

ही मोजणी मी एवढ्या विस्ताराने सांगतो, कारण पुढची पद्धत वाचनातली चूक पकडत नाही. चुकीचे समीकरण नकाशावर मांडले असते, तरी त्यातून B'D' + A'BC + ACD असे अगदी नीटनेटके उत्तर मिळाले असते, आणि ते पाहून कोणालाही संशय आला नसता. गणित बरोबर असते, पण ते दुसऱ्याच सर्किटचे असते.

आता नकाशा. बेल प्रयोगशाळेतील मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड वीच यांनी अशाच घरांचा एक तक्ता मांडला होता. कार्नो यांनी त्यातील घरांचा क्रम बदलला, आणि सगळी गंमत त्या क्रमातच आहे. चार इनपुटांची सोळा संयोजने होतात, म्हणून सोळा घरे लागतात. आडव्या ओळींना A आणि B यांच्या किमती देतात, उभ्या रकान्यांना C आणि D यांच्या. पण क्रम 00, 01, 10, 11 असा नेहमीच्या मोजणीचा नसतो. तो 00, 01, 11, 10 असा असतो. यामुळे एका घरातून शेजारच्या घरात जाताना एकच अक्षर बदलते. 01 नंतर 10 लिहिले असते तर एकदम दोन अक्षरे बदलली असती आणि ते शेजार खोटे ठरले असते. परीक्षेत शेवटचे दोन रकाने चुकून नेहमीच्या क्रमाने लिहिणारे पुष्कळ असतात, आणि तिथून पुढे पाडलेले गट सगळे चुकतात.

घरे भरण्यासाठी प्रत्येक संयोजनाचे आउटपुट दाखवणारे सोळा ओळींचे ट्रुथ टेबल आधी करायलाच हवे असे नाही. प्रत्येक पद नकाशावर स्वतःची जागा सांगत असते. B'C'D' मध्ये C आणि D दोन्ही 0, म्हणून पहिला रकाना घ्यायचा; B हा 0 आहे, म्हणून त्यातल्या 00 आणि 10 या ओळी; A चा उल्लेखच नाही, म्हणून दोन्ही घरांत 1. A'CD' हे पद शेवटच्या रकान्यातील वरची दोन घरे भरते. AB'D' शेवटच्या ओळीची दोन टोके भरते, आणि त्यातले डावे टोक आधीच भरलेले असते. एका घरात दोनदा 1 आला तरी तो 1 च राहतो. ABC तिसऱ्या ओळीतील उजवीकडची दोन घरे घेते आणि BCD तिसऱ्या रकान्यातील मधली दोन. उरलेल्या घरांत 0 लिहिले की नकाशा असा दिसतो:

```
            CD
          00  01  11  10
AB  00     1   0   0   1
    01     0   0   1   1
    11     0   0   1   1
    10     1   0   0   1
```

शेजारचे दोन 1 एकत्र का करता येतात, हे एकदा नीट पाहिले की नियम पाठ करावे लागत नाहीत. शेवटच्या रकान्यातील मधली दोन घरे घ्या. वरचे घर A'BCD' आहे आणि खालचे ABCD' आहे. दोघांची बेरीज केली आणि समान भाग बाहेर काढला, तर BCD'(A' + A) असे होते. A एक तर 0 असतो किंवा 1 असतो, म्हणून कंसाची किंमत नेहमी 1 येते आणि BCD' उरते. म्हणजे गटात जे अक्षर दोन्ही किमती घेते, त्याचा आउटपुटवर काहीच परिणाम होत नाही आणि ते गळून जाते. दोन घरांच्या गटात एक अक्षर गळते, चार घरांच्या गटात दोन गळतात, आठांच्या गटात तीन. गट याच आकारांचे असतात. तीन किंवा सहा घरांचा गट होत नाही, कारण तशा गटातून पूर्ण अक्षर बाहेर पडत नाही.

या नकाशात उजवीकडे मधोमध चार 1 चौकोनात बसलेले लगेच दिसतात. त्या चारही घरांत B हा 1 आहे आणि C हा 1 आहे. A आणि D बदलत राहतात. म्हणून तो गट म्हणजे BC.

दुसरा गट सहसा डोळ्यांना दिसत नाही. चार कोपऱ्यांत चार 1 आहेत. कागदावर ते एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर आहेत, पण नकाशाच्या हिशेबाने ते शेजारी आहेत. पहिल्या रकान्याचे नाव 00 आणि शेवटच्याचे 10. फक्त C बदलला. पहिल्या ओळीचे नाव 00 आणि शेवटचीचे 10. फक्त A बदलला. कागदाची सुरळी केली की डावी कड उजव्या कडेला चिकटते, आणि त्या सुरळीची दोन टोके सायकलच्या ट्यूबसारखी जोडली की वरची कड खालच्या कडेला भिडते. तसे केले की चारही कोपरे एका ठिकाणी येतात. त्या चारांत B हा 0 आणि D हा 0 आहे, म्हणून तो गट B'D'.

तिसराही एक गट पाडता येतो. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चारही घरांत 1 आहे आणि त्याचे पद CD' होते. तो इतका ठळक दिसतो की बहुतेक जण आधी त्याच्याभोवतीच वेढा काढतात. पण त्यातली वरची आणि खालची घरे कोपऱ्यांच्या गटात आली आहेत, आणि मधली दोन BC च्या गटात आली आहेत. उलट, पहिल्या रकान्यातील दोन 1 कोपऱ्यांच्या गटाखेरीज दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गटात बसत नाहीत, आणि तिसऱ्या रकान्यातील दोन 1 BC खेरीज कुठे बसत नाहीत. म्हणून ते दोन गट अनिवार्य आहेत आणि CD' हे पद सध्या सोडून द्यायचे. सध्या म्हणण्याचे कारण आहे, ते पुढे येईल.

```
F = B'D' + BC
```

उत्तर पाहून पुतणीने लगेच विचारले, “काका, A कुठे गेला? काहीतरी राहिलं असणार.” तिची शंका योग्य होती. चार इनपुटांच्या सर्किटातून एक इनपुट पूर्णपणे नाहीसे होणे ही मोठी घटना आहे आणि ती तपासल्याशिवाय स्वीकारू नये. नकाशातच पाहायचे तर, A हा 0 असलेल्या वरच्या दोन ओळी आणि A हा 1 असलेल्या खालच्या दोन ओळी ताडून पाहाव्यात. पहिली आणि चौथी ओळ अगदी सारखी आहे, दुसरी आणि तिसरीही सारखी आहे. मूळ समीकरणातही हे दिसते. B आणि C दोन्ही 1 आणि D हा 0 असेल, तेव्हा A हा 0 असताना A'CD' हे पद आउटपुट 1 ठेवते, आणि A हा 1 झाला की ABC हे पद ते काम उचलते. काढणाऱ्याने A ची दोन्ही प्रकरणे वेगवेगळी लिहिली होती; ती एकाच उत्तराकडे जातात हे पाच गेट्सच्या गर्दीत दिसत नव्हते.

छोट्या समीकरणाचा अर्थही आता वाचता येतो. B हा 1 असेल तर F म्हणजे C; B हा 0 असेल तर F म्हणजे उलटलेला D. म्हणजे हे सर्किट दोन वाटांपैकी एक निवडणारा मल्टिप्लेक्सर आहे आणि B ही त्याची कळ आहे. या वाचनामुळे सोळा ओळी तपासणेही सोपे होते: B हा 1 असलेल्या आठ ओळींत F चा रकाना C सारखा दिसायला हवा, उरलेल्या आठांत D च्या उलट दिसायला हवा.

आता खर्चाचा हिशेब पाहू. खर्च मोजण्याची सोपी रीत म्हणजे गेट्सच्या इनपुट पिना मोजणे. मूळ सर्किटात पाच अँडच्या पंधरा, ऑरच्या पाच आणि इन्व्हर्टरच्या चार, अशा चोवीस पिना होत्या. नव्यात दोन अँडच्या चार, ऑरच्या दोन आणि इन्व्हर्टरच्या दोन, अशा आठ आहेत. पण दुकानात पिना विकत मिळत नाहीत, आयसी मिळतात, आणि तिथे हिशेब थोडा बदलतो. मूळ सर्किटाला सहा इन्व्हर्टर असलेल्या 7404 चा एक, तीन इनपुटांची तीन अँड गेट्स असलेल्या 7411 चे दोन, आणि पाच पदे जोडायला दोन इनपुटांची चार ऑर गेट्स असलेल्या 7432 चा एक, असे चार आयसी लागतात. नवे समीकरण जसेच्या तसे अँड, ऑर आणि इन्व्हर्टरने बांधले, तर 7404, दोन इनपुटांची चार अँड गेट्स असलेला 7408 आणि 7432 असे तीन आयसी लागतात. पिना एकतृतीयांश झाल्या, आयसी मात्र एकच वाचला, कारण प्रत्येक आयसीतली निम्मी किंवा त्याहून जास्त गेट्स रिकामी राहिली.

इथे नँड गेट कामी येते. दोन्ही अँड गेट्सच्या आउटपुटवर उलटण्याचा एकेक गोळा काढा, आणि त्याच तारांच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ऑरच्या इनपुटांवर, तसेच गोळे काढा. एका तारेवर दोनदा उलटवल्याने सिग्नल बदलत नाही, म्हणून सर्किट तेच राहते. पण गोळा लागलेला अँड म्हणजे नँड होतो, आणि इनपुटांवर गोळे असलेला ऑरसुद्धा द मॉर्गन यांच्या नियमाने नँडच असतो. आता तीन नँड आणि दोन इन्व्हर्टर लागतात, म्हणजे 7400 आणि 7404 हे दोनच आयसी.

नवी आकृती काढताना पिनांचे आकडे तिच्यावरच लिहावेत, म्हणजे ब्रेडबोर्डवर पुन्हा विचार करावा लागत नाही. 7404 मध्ये B पिन 1 ला जातो आणि B' पिन 2 वर मिळतो. D पिन 3 ला जातो आणि D' पिन 4 वर मिळतो. 7400 च्या पिना 1 आणि 2 यांना B' आणि D' द्यायचे, आउटपुट पिन 3 वर येते. पिना 4 आणि 5 यांना B आणि C द्यायचे, आउटपुट पिन 6 वर येते. ती दोन आउटपुटे पिना 9 आणि 10 ला नेली की पिन 8 वर F मिळतो. दोन्ही आयसींना पिन 14 वर पाच व्होल्ट आणि पिन 7 वर ग्राउंड लागते. न वापरलेली इनपुटे, म्हणजे 7400 च्या 12 व 13 आणि 7404 च्या 5, 9, 11 व 13, ग्राउंडला जोडावीत. विशेषतः 74HC मालिकेत ती लोंबकळत ठेवली तर आसपासच्या विद्युत खळबळीने गेट्स उगाच उघडझाप करतात.

D हा पुश बटणावरून येत असेल, तर बटण आणि रेझिस्टर यांच्या जागा अदलाबदल करून बटणाकडूनच D' घेता येतो. मग एकच इन्व्हर्टर लागतो, आणि 7400 मधल्या उरलेल्या चौथ्या नँडची दोन्ही इनपुटे एकत्र जोडली की तो इन्व्हर्टरचे काम करतो. सगळे सर्किट एका आयसीत बसते.

मूळ सर्किट प्रयोगशाळेत बांधलेले उपलब्ध असेल, तर वाचनाची आणि नकाशाची तपासणी एकदमच होते. B, C, D यांची आठ संयोजने एकेक करून लावायची आणि प्रत्येक वेळी A ची कळ खालीवर करायची. F चा एलईडी एकदाही बदलता कामा नये. तो बदलला, तर आपण फोटो चुकीचा वाचला आहे किंवा कुठली तरी तार चुकीच्या भोकात गेली आहे. पुतणीचे पहिले वाचन या चाचणीत लगेच उघडे पडले असते.

आता सोडून दिलेल्या CD' कडे परत येतो. C हा 1 आणि D हा 0 असताना B काहीही असला तरी F हा 1 असतो. B हा 1 असताना तो BC मुळे 1 असतो आणि B हा 0 असताना B'D' मुळे. B जेव्हा 1 वरून 0 वर उतरतो, तेव्हा BC लगेच सोडून देते, पण B' इन्व्हर्टरमधून येतो आणि त्याला 7404 मध्ये साधारण १० नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ F ला कोणीच धरलेले नसते आणि तो क्षणभर 0 होऊन पुन्हा 1 होतो. B वर चढताना हे घडत नाही, कारण तेव्हा नवे पद आधी लागते आणि जुने नंतर सुटते. नकाशावर ही जागा स्पष्ट दिसते: दोन शेजारी 1 वेगवेगळ्या गटांत आहेत आणि दोघांना मिळून घेणारा गट नाही. मूळ सर्किटही या दोषातून मुक्त नव्हते. A हा 0 असताना A'CD' या पदाने ही जागा सांभाळली होती, पण A हा 1 असताना तिथे तीच फट होती. शिवाय A बदलतानाही काही ठिकाणी असे झटके येत होते, ते A च गेल्यामुळे नव्या सर्किटात उरले नाहीत.

F वर एलईडी लावला असेल तर १० नॅनोसेकंदांचा झटका कधीच दिसणार नाही, आणि CD' वर पैसे घालवण्याचे कारण नाही. F एखाद्या क्लॉकवर चालणाऱ्या रजिस्टरला जात असेल आणि क्लॉक येईपर्यंत F स्थिर होत असेल, तरीही हरकत नाही. पण F थेट एखाद्या काउंटरच्या क्लॉक पिनेवर गेला, तर तो झटकाही मोजला जाऊ शकतो आणि आकडा अधूनमधून एकाने पुढे जातो. ही चूक शोधायला फार त्रास होतो, कारण कळा हळूहळू दाबून ट्रुथ टेबल तपासले की सगळ्या सोळा ओळी बरोबर येतात. तिथे तिसरे पद ठेवावे. सरळ रीतीने बांधले, तर CD' साठी आणखी एक नँड आणि शेवटी तीन इनपुटांचा नँड लागतो, म्हणजे 7410 हा एक जास्तीचा आयसी लागतो.

```
F = B'D' + BC + CD'
```

पुतणीच्या प्रश्नात F पुढे कुठे जातो ते लिहिलेले नव्हते. म्हणून तिने दोन पदांचे सर्किट काढले आणि त्याखाली शेवटच्या रकान्याभोवती तुटक रेषेने वेढा काढून, हे पद का सोडले ते दोन ओळींत लिहिले.